विज्ञान प्रदर्शनाचा स्टॉल : दोन हजारांत बसवलेला हिशेब

दिवाळीची सुट्टी संपून शाळा रुळावर आल्या की विज्ञान प्रदर्शनाचे वारे वाहू लागतात. आधी शाळेत, मग तालुक्याला आणि नंबर लागला तर जिल्ह्याला. मुलगी घरी येते आणि म्हणते, "अम्मी, आमच्या गटाचा स्टॉल आहे, प्रत्येकीने पाचशे रुपये आणायचे आहेत." कशाचे पाचशे, हे तिलाही ठाऊक नसतं. कुणीतरी एक गोल आकडा सांगितलेला असतो. ज्या घरात पाचशे सहज निघतात तिथे प्रश्न येत नाही. ज्या घरात निघत नाहीत तिथली मुलगी दोन दिवसांनी म्हणते, "मला नाही जायचं, मला आवड नाही त्याची." मग चार जणींच्या गटात तीनच उरतात, आणि हिशोबात हुशार असलेली नेमकी गळालेली असते.

म्हणून या महिन्याच्या सदरात स्टॉलचं अंदाजपत्रक घेऊ. वर्गणीचा आकडा आधी ठरवून खर्च त्यात कोंबायचा नाही. स्टॉलवर दोन दिवसांत काय काय घडणार आहे ते आधी मोजायचं आणि त्यावरून आकडा काढायचा.

उदाहरण ठरवून घेऊ. समजा, चिपळूण तालुक्यातल्या एका गावातल्या शाळेतल्या आठवीच्या चार मुली आहेत. विषय आहे 'अन्नातली भेसळ घरच्या घरी ओळखा'. प्रदर्शन तालुक्याच्या गावी, बारा किलोमीटरवर, दोन दिवस. वेळ सकाळी दहा ते चार, मध्ये जेवणाची सुट्टी. म्हणजे रोज पाच तास. शाळा ६०० रुपये देणार आहे आणि बाकी मुलींनी घालायचे आहेत. पुढचे भाव साधारण धरले आहेत. तुमच्या बाजारात दोन-पाच रुपये इकडे तिकडे होतील, तेव्हा दुकानात विचारूनच आकडा लिहा. मोजायची रीत मात्र हीच राहील.

आधी प्रयोग ठरवा, मग यादी

मुलींच्या मनात पहिल्यांदा पाच-सहा प्रयोग असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची 'डार्ट' नावाची पुस्तिका आहे. तिच्यात घरी करता येण्याजोग्या अशा बऱ्याच चाचण्या दिल्या आहेत. पण टेबल एक आणि हात आठ. त्यामुळे तीनच ठेवू.

पहिला, दुधातला स्टार्च. दुधात कॉर्नफ्लोअर किंवा तसलं पीठ मिसळलेलं असेल तर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकताच रंग निळा होतो. दुसरा, तिखटातला रंग. पाण्यावर चिमूटभर तिखट टाकायचं. पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला असेल तर लाल रेघा खाली उतरताना दिसतात. तिसरा, काळी मिरी आणि पपईच्या बिया. मिरी पाण्यात तळाशी जाते, वाळलेल्या बिया तरंगतात.

मधाचा प्रयोग मुलींना फार आवडतो, पण तो गाळू. मधाचा थेंब पाण्यात सरळ तळाशी गेला म्हणजे शुद्ध, असं सांगतात. घट्ट साखरेचा पाकही तसाच तळाशी जातो. परीक्षकाने हे विचारलं तर उत्तर नाही, आणि मधाची बाटली तर यादीतली सगळ्यात महाग वस्तू ठरली असती.

आता महत्त्वाची गोष्ट. या तीन प्रयोगांचा खर्च सारखा नाही. मिरी आणि बियांचा ग्लास सकाळी भरला की संध्याकाळपर्यंत चालतो. हा एकदाचा खर्च. दूध आणि तिखट मात्र प्रत्येक वेळी नवं लागतं. यादी करताना दोन रकाने करा, 'एकदाच' आणि 'दर वेळी'. अंदाज चुकतो तो नेहमी दुसऱ्या रकान्यात.

साहित्य : एका वेळेला किती, ते मोजा

तिन्ही प्रयोग करून दाखवायला, प्रश्नांना उत्तरं द्यायला आणि पुसून-धुऊन पुन्हा मांडायला दहा मिनिटं लागतात. तासाला सहा वेळा, पाच तासांत तीस, दोन दिवसांत साठ. हा साठचा आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर चालेल.

एका वेळेला एका परीक्षानळीत शुद्ध दूध एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, आणि दुसरीत भेसळीचं तेवढंच. दोन्ही मिळून १० मिलिलिटर, साठ वेळा म्हणजे ६०० मिलिलिटर. रोजचं ३००. तेव्हा रोज अर्ध्या लिटरची एक पिशवी पुरते. दोन्ही दिवसांचं दूध एकदम घेऊ नका. पहिल्या दिवसाचं उरलेलं दूध हॉलच्या उकाड्यात फाटतं आणि फाटलेल्या दुधात रंग धड दिसत नाही.

आयोडीन एका वेळेला दोन नळ्यांत मिळून सहा थेंब. साठ वेळा म्हणजे ३६० थेंब. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सगळे मिळून १८ मिलिलिटर. मुली दोन मोठ्या बाटल्या लिहून आणतात. मेडिकलमधली एक लहान बाटली पुरेशी आहे.

पाणी मात्र कुणाच्याच यादीत नसतं. तिखटाच्या प्रयोगाला दोन ग्लास अर्धे भरायचे तरी ३०० मिलिलिटर लागतं. दिवसाला तीस वेळा म्हणजे ९ लिटर, आणि नळ्या धुवायला आणखी एक बादली. पाण्याला पैसे पडत नाहीत, पण हॉलमध्ये नळ कुठे आहे हे सरांकडून आधी विचारून घ्यावं लागतं. नळ दुसऱ्या टोकाला असेल तर चौघींपैकी एक दिवसभर पाणीच वाहत राहते.

प्लास्टिकचे एकदा वापरून टाकायचे पेले यादीतून काढून टाका. राज्यात त्यांना २०१८ पासून बंदी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतून बारा परीक्षानळ्या आणि स्टँड मागून घ्या. घरातले काचेचे चार ग्लास घ्या. तिखट, कॉर्नफ्लोअर, मिरी आणि पपईच्या बियाही घरातल्याच. बिया मात्र आठवडाभर आधी धुऊन सुकवायला ठेवाव्या लागतात. घरून किंवा शाळेतून आणलेल्या वस्तूंचा तिसरा रकाना करा आणि प्रत्येक वस्तूपुढे कुणाची आहे ते लिहा. ती अमानत आहे. परत जाताना त्याच यादीवर खूण करत भरायचं.

विकत घ्यायचं राहिलं ते एवढं : दूध दोन पिशव्या ७०, आयोडीन ६०, खायचा लाल रंग १५, ड्रॉपर दोन २०, नळ्या धुवायचा ब्रश ३०, टिश्यू पेपर ४०, लेबलं २०. मागच्या फलकासाठी कार्डशीट, चिकटपट्टी आणि गोंद मिळून १२०. बेरीज ३७५ रुपये.

स्टोव्ह किंवा स्पिरिटचा दिवा यादीत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दुधाचा नमुना उकळावा लागतो, पण तो घरी सकाळी उकळून, पूर्ण थंड करून, बाटलीत भरून न्यायचा. यात खर्च वाचतो आणि आगीची भीतीही जाते. शिवाय गरम दुधात निळा रंग येतच नाही, आला तरी उडतो. स्टॉलवर घाईने गरम नमुन्यात आयोडीन टाकलं की प्रयोग फसतो आणि मुली रडवेल्या होतात.

छपाई : एक नमुना आधी

फ्लेक्स फुटावर मिळतो, म्हणजे आकार वाढला की पैसे वाढतात. टेबलाच्या मागे चार फूट बाय अडीच फूट पुरेसा होतो. दहा चौरस फूट, वीस रुपये दराने २०० रुपये. त्यावर फक्त विषयाचं नाव, शाळेचं नाव आणि गटाचा क्रमांक. प्रयोगांची माहिती सहा रंगीत पानांवर, पानाला १५ रुपये, म्हणजे ९०. मजकूर टाइप करून मांडायचे १००.

माहितीपत्रकं किती छापायची? साठ वेळा प्रयोग, प्रत्येक वेळी चार-पाच माणसं, म्हणून मुली तीनशे लिहितात. पत्रक माणसागणिक द्यायचं नाही, घरागणिक द्यायचं. प्रत्येक वेळी दोन धरले तर १२०. एका पानावर दोन पत्रकं बसवली की ६० झेरॉक्स, दोन रुपयांप्रमाणे १२०.

छपाईत पैसे वाया जातात ते एकाच जागी. मराठी मजकूर एका संगणकावर टाइप केलेला असतो आणि दुकानदार दुसऱ्या फाँटमध्ये उघडतो. मग वेलांट्या उडतात, जोडाक्षरं फुटतात, आणि 'भेसळ' वाचताच येत नाही. फ्लेक्स छापून झाल्यावर हे दिसलं तर दोनशे रुपये गेले. म्हणून फाइल पीडीएफ करून द्या, दुकानातल्या पडद्यावर चौघींपैकी एकीने अक्षर न् अक्षर वाचावं आणि फ्लेक्सच्या आधी साध्या कागदावर एक प्रत काढून घ्यावी. तिचे १५ रुपये अंदाजपत्रकात वेगळे लिहा. बेरीज ५२५.

वाहतूक : फलकाचा आकार आधी गाडीला विचारा

इथे बहुतेक अंदाजपत्रकं कोसळतात. मुली सहा फुटी फलक तयार करतात, तो घरात छान दिसतो आणि रिक्षात जात नाही. मग टेम्पो. टेम्पोचं एका खेपेचं भाडं कधी कधी सगळ्या साहित्यापेक्षा जास्त असतं.

म्हणून फलक तीन तुकड्यांचा करा, प्रत्येक तुकडा दोन फूट बाय तीन फूट. फ्रिजच्या दुकानात मोठी रिकामी खोकी मिळतात, ती कापून त्यावर कार्डशीट चिकटवायचं आणि तुकडे मागून रुंद चिकटपट्टीने जोडायचे. पुस्तकासारखा मिटतो आणि रिक्षात उभा राहतो. फ्लेक्स गुंडाळून हातात.

आता खेपा मोजा. पहिल्या दिवशी सामान घेऊन जाणं, दुसऱ्या दिवशी सामान घेऊन येणं. या दोन खेपा रिक्षाच्या, २५० रुपयांप्रमाणे ५००. रिक्षात सामानासोबत दोन मुली आणि एक मोठं माणूस. उरलेल्या दोघी सरांसोबत एसटीने. पहिल्या दिवशी परतणं आणि दुसऱ्या दिवशी जाणं सामानाशिवाय, तेव्हा सगळ्यांनी एसटीनेच. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पूर्ण तिकीट २० धरलं तर एकीचे १०. सामानाच्या दोन खेपांना दोघींचे मिळून ४०. मधल्या दोन खेपांना चार मुली आणि सोबतची अम्मी, पाच जणींचे १००. वाहतूक एकूण ६४० रुपये.

म्हणजे चार बाबींमधली सगळ्यात मोठी बाब हीच निघाली, आणि मुलींच्या पहिल्या यादीत तिच्यापुढे नुसतं 'रिक्षा' असं लिहिलेलं होतं. परतीची खेप लिहिली आहे का, हे नक्की पाहा. जाण्याचे पैसे सगळ्यांना आठवतात. येताना संध्याकाळी रिक्षावाल्यासमोर कुणाच्या तरी अब्बूंना खिशात हात घालावा लागतो.

मधल्या रात्री सामान हॉलमध्ये ठेवायचं असेल तर खोलीला कुलूप असतं का ते विचारा. नसेल तर नळ्या आणि ग्लास पिशवीत भरून घरी आणावे.

बक्षिसं : तासावर वाटा

स्टॉलवर एखादा प्रश्न विचारून पाहुण्या मुलांना पेन्सिल द्यायची, ही चांगली पद्धत आहे. गर्दी थांबते आणि समजलं की नाही तेही कळतं. प्रश्न मात्र नुकतंच दाखवलेल्या प्रयोगातला हवा. उदाहरणार्थ, "तिखटात रंग नसेल तर पाणी लगेच लाल का होत नाही?" उत्तर असं की मिरचीचा स्वतःचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही.

तासाला तीन पेन्सिली ठरवल्या तर दहा तासांत तीस. दहाच्या तीन पेट्या, ६० रुपयांप्रमाणे १८०. पेटी उघडी ठेवली तर पहिल्या तासात संपते आणि दुपारी लांबच्या शाळेची मुलं येतात तेव्हा द्यायला काही राहत नाही. तीन-तीन पेन्सिलींची दहा पाकिटं करा, वर तास लिहा. त्या तासाचं पाकीट संपलं की पुढच्या तासापर्यंत थांबायचं. शिवाय रोज एक मोठं बक्षीस म्हणून भिंग, ८० रुपयांप्रमाणे दोन, १६०. बेरीज ३४०.

कात्री कुठे लावायची

साहित्य ३७५, छपाई ५२५, वाहतूक ६४०, बक्षिसं ३४०. एकूण १८८० रुपये. त्यावर दोनशे राखीव हवेत. चार नळ्या फुटल्या तर साठ रुपये, रिक्षा थांबवावी लागली तर पन्नास, पत्रकं कमी पडली तर तेवढीच. म्हणजे २०८० झाले. आपली मर्यादा दोन हजार.

बहुतेक जण इथे राखीव रक्कम कापतात, कारण ती रिकामी दिसते. ती कापायची नाही. दोन्ही दिवस भिंग देण्याऐवजी शेवटच्या दिवशी एकच द्या. ८० रुपये वाचले, खर्च १८०० आणि राखीव २००. स्टॉलवरचा एकही प्रयोग कमी झाला नाही. पुढे आणखी कापायची वेळ आली तर टाइपचे १०० कापा आणि सहा पानं सुवाच्य अक्षरात मुलींनी हाताने लिहावीत. परीक्षकांना हाताने लिहिलेलं कमी वाटत नाही.

दोन हजारांतून शाळेचे ६०० वजा केले की १४०० राहतात. चौघींत प्रत्येकी ३५०. पाचशेवरून साडेतीनशे झाले. तरीही एखाद्या घराला ते जड असतील, तर बाकीच्या तिघींच्या आयांनी आपसात ठरवून टाकावं. कुणी किती दिले याची यादी वर्गात किंवा मोबाइलच्या गटावर फिरवू नये. एवढी काळजी घेतली तर 'मला आवड नाही' हे वाक्य ऐकावं लागत नाही.

शाळेचे पैसे बऱ्याचदा बिलं दिल्यावर मिळतात. तेव्हा आधी विचारा. मागाहून मिळणार असतील तर ६०० रुपये कुणीतरी तात्पुरते घालायचे आहेत, हे नावासकट ठरवा. मेडिकल, झेरॉक्स आणि फ्लेक्स यांची बिलं शाळेच्या नावाने घ्या. रिक्षाचं बिल नसतं, म्हणून कागदावर तारीख, कुठून कुठे आणि रक्कम लिहून रिक्षावाल्या भाऊंची सही घ्या.

आदल्या दिवशीची तपासणी

पैसे वाचवून आणलेलं साहित्य स्टॉलवर चाललं नाही तर सगळंच फुकट. आदल्या दिवशी घरी उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाका. फोड निळी-काळी झाली नाही तर बाटली जुनी आहे, बदला. मग शुद्ध म्हणून नेणार असलेल्या दुधाला तोच थेंब लावून पाहा. ते निळं झालं तर दुसरं दूध आणा. मिरी पाण्यात टाकून पाहा. पोकळ दाणे तरंगतात, ते काढून तळाशी बसलेलेच न्या.

परीक्षानळ्या वाटून घ्या. सहांना लाल पट्टी लावा, त्यांत फक्त भेसळीचं दूध. उरलेल्या सहांत फक्त शुद्ध. घाईत धुतलेल्या नळीला स्टार्च चिकटून राहतो आणि शुद्ध दूधही निळसर दिसतं. स्टॉलवर 'शुद्ध दूध निळं झालं' असं झालं की समजा, नळ्यांची अदलाबदल झाली आहे. सगळ्या नमुन्यांवर 'चाखू नये' असं लेबल हवं.

पत्रकावर एक ओळ मात्र नक्की छापा : या चाचण्यांत रंग दिसला तर संशय घ्या, पण नाही दिसला म्हणून वस्तू शुद्ध ठरत नाही. तेलात विरघळणारे रंग पाण्याच्या चाचणीत दिसतच नाहीत. दुधात स्टार्च नसला तरी पाणी असू शकतं. हे आपणहून सांगणाऱ्या मुलींना परीक्षक अडवू शकत नाहीत.

पहिल्या दिवशी संध्याकाळी दहा मिनिटं बसून मोजणी करा. किती वेळा प्रयोग झाला, नळ्या किती, पेन्सिली किती, पत्रकं किती उरली. समजा, गर्दी जास्त होऊन १२० पैकी ८० पत्रकं गेली. तर रात्रीच वीस पानांच्या झेरॉक्स काढा. चाळीस पत्रकं वाढतील आणि राखीवमधून ४० रुपये जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायची वाट पाहावी लागणार नाही.

सगळं संपल्यावर राखीवमधून समजा १२० उरले. ते त्याच आठवड्यात चौघींना तीस-तीस परत द्या, बिलांची वही सरांकडे द्या आणि एक प्रत घरी ठेवा. पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीचा गट बसेल, तेव्हा साठ हा आकडा खरा ठरला की पंचेचाळीसच निघाला, हे त्या वहीत लिहिलेलं असेल. तिचं अंदाजपत्रक तिथूनच सुरू होईल.